मासा खरा हवा : रहस्यकथेतला न्याय्य चकवा आणि स्वस्त चकवा

मंडळी, सुरुवातीलाच एक इशारा देतो. आज आम्ही ज्या कादंबरीबद्दल बोलणार आहोत तिचा खुनी कोण हे सांगितल्याशिवाय आमचं बोलणंच पुढे जाणार नाही. कादंबरी म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड', प्रथम प्रकाशन 1926. ज्यांनी ती वाचलेली नाही आणि वाचायची इच्छा आहे, त्यांनी आत्ता उठून बाहेर चहा घेतला तरी आम्हाला राग येणार नाही. उलट आनंदच वाटेल. (हशा)

कोणीच उठत नाही असं दिसतंय. ठीक आहे. मग पुढची जबाबदारी तुमची.

विषय आहे रहस्यकथेतल्या खोट्या मागाचा. इंग्रजीत त्याला 'रेड हेरिंग' म्हणतात. हेरिंग हा मासा. तो खारवून, धुरावर धरून टिकवला की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास सुटतो. सुक्या मासळीचा वास काय असतो हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. विल्यम कॉबेट नावाच्या इंग्रज पत्रकाराने 1807 साली आपल्या साप्ताहिकात एक हकीगत लिहिली. लहानपणी सशाच्या मागावर असलेल्या शिकारी कुत्र्यांना चकवण्यासाठी आपण असा मासा ओढत नेला होता, असं त्याने सांगितलं. त्याचा टोला वर्तमानपत्रांना होता. नेपोलियनच्या पराभवाची खोटी बातमी आली आणि ती देशातले महत्त्वाचे प्रश्न सोडून तिच्यामागे धावली, असं त्याला म्हणायचं होतं. तिथून हा शब्द रुळला.

मराठीत आपल्याकडे 'चकवा' हा सुंदर शब्द आहे. रात्री रानातून जाणाऱ्या माणसाला चकवा लागतो, आणि तो पहाटेपर्यंत त्याच त्याच जागी फिरत राहतो. आज आम्ही हाच शब्द वापरणार आहोत. पण कॉबेटच्या माशातली एक गोष्ट मात्र हातची सोडायची नाही. कुत्री फसली, कारण मासा खरा होता. वास खरा होता. चुकीचा होता तो फक्त कुत्र्यांनी काढलेला अर्थ. आमचं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. रहस्यकथेतला चकवा न्याय्य वाटतो तेव्हा मासा खरा असतो. स्वस्त वाटतो तेव्हा तिथे मासा नसतोच, लेखकाने नुसता वास फवारलेला असतो.

हे आम्हाला पहिल्या वाचनात कळलं नव्हतं, हेही कबूल केलं पाहिजे. आमचा सातआठ जणांचा एक वाचनकट्टा आहे. महिन्याला एक पुस्तक वाचायचं आणि मग त्यावरून भांडायचं, असा आमचा नेम. 'अ‍ॅक्रॉइड'च्या वेळी भांडण नेहमीपेक्षा जास्त झालं. निम्मे जण म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे. एका काकांनी तर पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "मी सव्वादोनशे पानं एका माणसावर विश्वास ठेवला. आता पुढच्या पुस्तकात कोणावर ठेवू?" आम्हाला त्यांचा प्रश्न रास्त वाटला. पण भांडण नुसत्या मतांवर मिटेना, म्हणून ठरवलं की सगळ्यांनी पुस्तक पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायचं. ज्या ज्या ठिकाणी आपण चुकीच्या माणसाकडे बघितलं तिथे खूण करायची आणि शेजारी लिहायचं : हा चकवा कोणी ठेवला आणि का?

आजचं व्याख्यान म्हणजे त्या पेन्सिलच्या खुणांचा हिशेब आहे.

आधी कथा थोडक्यात. किंग्ज अ‍ॅबट नावाचं इंग्लंडमधलं खेडं. रॉजर अ‍ॅक्रॉइड हा तिथला श्रीमंत गृहस्थ. त्याचं जिच्याशी लग्न व्हायचं होतं त्या मिसेस फेरर्स या विधवेने झोपेच्या औषधाचा जास्त डोस घेऊन जीव दिला आहे. तिने आपल्या नवऱ्याला विष दिलं होतं आणि ते माहीत असलेला कोणीतरी तिच्याकडून पैसे उकळत होता. दुसऱ्या दिवशी रात्री अ‍ॅक्रॉइडने गावचे डॉक्टर शेपर्ड यांना जेवायला बोलावलं आहे. जेवणानंतर दोघं अभ्यासिकेत बसले असताना टपालाने मिसेस फेरर्सचं शेवटचं पत्र येतं. त्यात त्या पैसे उकळणाऱ्याचं नाव आहे. डॉक्टर निघून जातात. रात्री उशिरा अ‍ॅक्रॉइड खुर्चीत मेलेला सापडतो, मानेत खंजीर. आणि ही सगळी हकीगत आपल्याला कोण सांगतंय? डॉक्टर शेपर्डच. शेजारी राहायला आलेला हर्क्यूल पॉयरो तपास हाती घेतो आणि शेवटी कळतं की पैसे उकळणाराही डॉक्टरच आणि खुनीही डॉक्टरच.

आता या पुस्तकात संशय घेण्यासारखं किती काय आहे ते बघा. सावत्र मुलगा राल्फ पेटन बेपत्ता आहे आणि खिडकीच्या चौकटीवर त्याच्या बुटांचे ठसे आहेत. बटलर पार्कर दाराशी घुटमळतो. रात्री नऊ वाजता फाटकापाशी एक अनोळखी माणूस दिसतो. बागेतल्या छोट्या घरात हंसाच्या पिसाची एक पोकळ नळी आणि कापडाचा तुकडा सापडतो. तळ्यात लग्नाची अंगठी सापडते. घरातून चाळीस पौंड गायब आहेत. बाराव्या प्रकरणात पॉयरो सगळ्यांना टेबलाभोवती बसवतो आणि तोंडावर सांगतो की तुमच्यापैकी प्रत्येक जण काहीतरी लपवतो आहे.

पहिल्या वाचनात हे वाक्य आम्हाला नाटकी वाटलं होतं. दुसऱ्या वाचनात कळलं की ही पुस्तकाची घटनाच आहे. घटना म्हणजे संविधान या अर्थाने. लेखिका इथे वाचकाला नियम सांगते : संशयास्पद वागणारी सगळी माणसं खरोखरच काहीतरी लपवत आहेत. कोणीही उगाच घाबरलेलं नाही. पण प्रत्येकाचं गुपित म्हणजे खून नव्हे.

आणि ती हा नियम पाळते. चौदाव्या प्रकरणात अ‍ॅक्रॉइडची भावजय कबूल करते की ती मृत्युपत्र बघायला त्याच्या टेबलाचे खण उचकत होती. पंधराव्यात सेक्रेटरी रेमंड सांगतो की आपल्यावर कर्ज होतं. सतराव्यात पार्कर मान्य करतो की आधीच्या मालकाकडून त्याने पैसे उकळले होते आणि इथेही तशी संधी मिळते का म्हणून तो कान लावून होता. अठराव्यात अनोळखी माणूस सापडतो. त्याचं नाव चार्ल्स केंट. विसाव्यात कळतं की घरची व्यवस्था बघणाऱ्या मिस रसेलचा तो मुलगा, तिने जगापासून लपवलेला. पिसाची नळी त्याची, अमली पदार्थ ओढण्याची. बाविसाव्यात अंगठीचा उलगडा होतो : मोलकरीण उर्सुला ही राल्फची गुपचूप लग्न केलेली बायको. तेविसाव्याच्या शेवटी खुद्द राल्फ समोर येतो.

बघा, पुस्तकाच्या मध्यापासून जवळजवळ दर प्रकरणात एक चकवा मिटवला जातो. तो मिटतो म्हणजे विसरला जात नाही. त्याचा निकाल लागतो. प्रत्येक चकव्याला आपली एक छोटी गोष्ट आहे, तिला सुरुवात आहे आणि शेवट आहे. आम्ही पेन्सिलने 'का?' लिहिलं होतं त्या प्रत्येक जागी उत्तर मिळालं. स्वस्त रहस्यकथेत हेच होत नाही. तिथे माळी पान 40 वर रक्ताळलेले हात घाईघाईने धुतो आणि पान 200 वर खुनी दुसराच निघाला की माळ्याच्या हातांची आठवण लेखकालाही राहत नाही. वाचकाला मात्र राहते. मनात तो खडा टोचत राहतो. ही झाली पहिली कसोटी : खोट्या मागाला स्वतःचं खरं उत्तर आहे का?

पण एवढ्याने भागत नाही. उत्तर तर शेवटी कसंही चिकटवता येतं. "माळ्याने कोंबडी कापली होती" असं एका ओळीत सांगितलं की झालं. म्हणून आता आपण एकच चकवा घेऊ आणि तो पूर्ण उलगडू. आमच्या मते या पुस्तकातला तो सगळ्यात उत्तम चकवा आहे, आणि गंमत म्हणजे पहिल्या वाचनात आमच्यापैकी एकालाही तो चकवा आहे हेच कळलं नव्हतं.

फ्लोरा ही अ‍ॅक्रॉइडची पुतणी. पावणेदहाच्या सुमाराला पार्कर व्हिस्कीचा ट्रे घेऊन येतो, तेव्हा फ्लोरा अभ्यासिकेच्या दारापाशी उभी असते, हात दाराच्या मुठीवर. ती म्हणते, काकांना आता आणखी त्रास देऊ नका. नंतर पोलिसांनाही तेच सांगते : मी पावणेदहाला आत जाऊन काकांना भेटले, ते ठीक होते.

या एका जबानीने काय होतं? खून पावणेदहानंतर झाला असं ठरतं. सगळ्यांची कुठे होतात, काय करत होतात ही चौकशी त्या वेळेपासून होते. डॉक्टर शेपर्ड तर नऊलाच फाटकाबाहेर पडले होते आणि नंतर आपल्या घरी बहिणीसमोर बसले होते. त्यांच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. आपणही बघत नाही. कारण आपण गुन्हेगार शोधत असतो तो पावणेदहानंतरच्या घरात.

खरं काय आहे? फ्लोरा अभ्यासिकेत गेलीच नव्हती. अभ्यासिकेच्या दाराशेजारी एक छोटा जिना आहे आणि तो फक्त अ‍ॅक्रॉइडच्या झोपण्याच्या खोलीकडे जातो. फ्लोरा त्या खोलीतून चाळीस पौंड चोरून खाली येत होती. ट्रेचा किणकिणाट ऐकून तिने पटकन दाराच्या मुठीवर हात ठेवला, आतून आल्यासारखा. काका त्या वेळी आत मेलेले होते. तिला ते माहीत नव्हतं.

आता या चकव्याला चार बाजूंनी ठोकून बघू.

एक, तो कोणी ठेवला? लेखिकेने नाही, फ्लोराने. ती श्रीमंत घरात राहणारी पण एकेका पैशासाठी काकाकडे बघावं लागणारी मुलगी आहे. कपड्यांची बिलं थकलेली. आईची तीच तऱ्हा. चोरी उघड झाली तर तिची अब्रू जाते. म्हणजे खोटं बोलण्याचं कारण तिचं स्वतःचं आहे, आणि ते खुनाशी संबंध नसतानाही पुरेसं आहे. एखादी व्यक्ती खुनाच्या चौकशीत खोटं का बोलेल, इतकं वजन त्या कारणाला हवं. कोंबडीपुरतं वजन चालत नाही.

दोन, तो फोडायचं साधन वाचकाच्या हातात होतं का? होतं. तो जिना कुठे जातो हे आपल्याला सांगितलेलं आहे. चाळीस पौंड गेले हेही सांगितलेलं आहे. आणि पार्करने काय पाहिलं? फ्लोराला दाराबाहेर पाहिलं, दारातून बाहेर येताना नाही. पॉयरो तर फ्लोरा आणि पार्कर या दोघांकडून तो प्रसंग आपल्यासमोर पुन्हा करवून घेतो. म्हणजे लेखिका वाचकाला सांगते, बाबा रे, इथे बघ. आपण बघतो आणि तरी आपल्याला दिसतं ते मुठीवरचा हात आणि दार. मधली मोकळी जागा दिसत नाही. आपणच ती भरून काढतो.

तीन, तो फुटला की कथेत काही हलतं का? इथे ख्रिस्तीबाईंचं कसब खरं दिसतं. चार्ल्स केंट सुटतो तो कशामुळे? तो पावणेदहाला तिथून मैलभर लांबच्या पबमध्ये होता म्हणून. म्हणजे एका चकव्याचा निकाल दुसऱ्या चकव्यावर उभा आहे. पॉयरो तिथेच शंका काढतो की पावणेदहाला अ‍ॅक्रॉइड जिवंत होता हे फक्त एका व्यक्तीच्या शब्दावर आहे. लगेच एकोणिसाव्या प्रकरणात फ्लोरा कोलमडते, चोरी कबूल करते, आणि सगळं वेळापत्रक मागे सरकतं. खोटा माग बंद झाला तेव्हा खऱ्या मागाचं दार उघडलं. स्वस्त चकवा काढून टाकला तर कथेला काही होत नाही, पानं तेवढी कमी होतात. फ्लोराचं खोटं काढून टाकलं तर ही कादंबरीच उभी राहत नाही.

चार, त्याची किंमत कोणी मोजली? फ्लोराने मोजली. पोलीस अधिकाऱ्यासमोर चोर ठरली. आणि तिच्या खोट्याने राल्फचा फास आणखी आवळला, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलेलं होतं. माणसाचं खोटं कथेत कोणाला तरी लागलं पाहिजे. नुसतं वाचकाला फसवून ते हवेत विरून जात असेल, तर ते पात्राचं खोटं नव्हतं, लेखकाचं होतं.

हे पटत नसेल तर उलटा प्रयोग करून बघा. समजा फ्लोरा खरंच निष्पाप आहे, तिने काही चोरलं नाही, पण तिचं घड्याळ पुढे होतं आणि तिने वेळ चुकून सांगितली. परिणाम तोच. खुनाची वेळ पुढे ढकलली जाते, डॉक्टर सुटतो. पण शेवटी "घड्याळ पुढे गेलं होतं" असं ऐकल्यावर तुम्हाला काय वाटेल? पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटेल. वास्तविक आयुष्यात घड्याळं पुढे जातात, त्यात अशक्य काही नाही. तरी राग येतो. कारण घड्याळ आपल्याशी खेळत नव्हतं, लेखक खेळत होता. योगायोगाने वाचकाला फसवणं म्हणजे बुद्धिबळात पट हलवून सोंगटी पाडण्यासारखं आहे.

आता चकवे पेरायचे कसे, याबद्दल थोडं. पुष्कळ जणांना वाटतं, खोटा धागा ठळक लिहायचा आणि खरा धागा बारीक अक्षरात. ते अर्धंच खरं आहे. ख्रिस्ती खरा धागा लपवत नाहीत, त्या तो चुकीच्या प्रश्नाच्या उत्तरात ठेवतात.

एक उदाहरण. रात्री साडेनऊला रेमंडने बंद दाराआडून अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकला होता. तो आवाज डिक्टाफोनचा होता, म्हणजे आवाज मुद्रित करून पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राचा. डॉक्टरने ते यंत्र ठरावीक वेळी चालू होईल असं करून ठेवलं होतं. मग प्रश्न असा की घरात असं यंत्र येऊ शकतं हे वाचकाला आधी सांगायला हवं, नाहीतर फसवणूक. आणि सांगितलं तर गुपित फुटणार. ख्रिस्ती काय करतात? पॉयरो विचारतो, गेल्या आठवड्यात घरात कोणी परका माणूस आला होता का? उत्तर येतं, हो, डिक्टाफोन विकणाऱ्या कंपनीचा एक तरुण आला होता. साहेब यंत्र घ्यावं का असा विचार करत होते, पण घेतलेलं नव्हतं.

आपण काय ऐकलं? 'परका माणूस.' आपण लगेच त्या तरुणाची उंची आणि चेहरा फाटकावरच्या अनोळखी माणसाशी ताडून बघतो. जमत नाही म्हटल्यावर ते पान सोडून देतो. यंत्र तिथेच राहतं, आपल्या डोळ्यांसमोर, कोणी न उचललेलं. प्रश्न माणसाचा होता म्हणून आपण माणूस उचलला. इथे चकवा आणि सुगावा एकाच वाक्यात आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. डॉक्टरांना यंत्रांशी खटपट करण्याचा छंद आहे हेही आपल्याला ठाऊक असतं. पण ते त्यांच्या स्वभावचित्राचा भाग म्हणून येतं, पुरावा म्हणून येत नाही.

खुर्चीचंही तसंच. प्रेत सापडलं तेव्हा एक उंच पाठीची खुर्ची भिंतीपासून पुढे ओढलेली होती, आणि पोलीस आले तोवर ती मागे गेली होती. पार्कर हे सांगतो. सगळे म्हणतात, त्यात काय एवढं. पॉयरो म्हणतो की ते क्षुल्लक आहे म्हणूनच मला त्यात रस आहे. खुर्ची टेबलावरचं यंत्र दारातून दिसू नये म्हणून ओढली होती. पण त्याच वेळी आपल्यासमोर बुटांचे ठसे आहेत, खंजीर आहे, उघडी खिडकी आहे. खुर्चीला कोण विचारतो? ठसे मात्र डॉक्टरने मुद्दाम ठेवले होते, राल्फचे बूट वापरून. तेव्हा चकव्याचे दोन धनी लक्षात ठेवा. एक खुनी, जो योजना करून चकवा ठेवतो. दुसरा घाबरलेला निरपराध माणूस, जो योजना न करता ठेवतो. दुसरा नेहमी जास्त परिणामकारक असतो, कारण त्यात आखणीचा वास येत नाही. डॉक्टरने आवाज साडेनऊचा ठेवला होता. फ्लोराने न सांगता त्याला आणखी पंधरा मिनिटं बक्षीस दिली.

आता काकांचा प्रश्न. तिसरा धनी, म्हणजे निवेदक. ज्याच्या डोळ्यांनी आपण बघतो तोच खुनी असेल तर खेळ उरला कुठे?

पुस्तक आलं तेव्हाही हा वाद झाला. पुढे 1928 साली एस. एस. व्हॅन डाइन यांनी रहस्यकथेचे वीस नियम मांडले आणि 1929 साली रोनाल्ड नॉक्स यांनी दहा. नॉक्स यांचा एक नियम सांगतो की गुप्तहेराच्या वॉटसनसारख्या मित्राने आपल्या मनात आलेले विचार वाचकापासून लपवू नयेत. शेपर्ड इथे वॉटसनच्या जागी बसलेला आहे आणि नेमकं तेच करतो. दुसऱ्या बाजूला व्हॅन डाइन यांचा एक नियम असा की गुन्हेगार गुप्तहेराशी जेवढ्या चलाख्या करतो, त्यापलीकडे लेखकाने वाचकाशी करू नये. आता हे दोन्ही नियम शेजारी ठेवा. इथे हकीगत लिहिणारा गुन्हेगारच आहे. आणि ती हकीगत तो पॉयरोला वाचायलाही देतो. म्हणजे जी चलाखी आपल्याशी झाली तीच, त्याच शब्दांत, गुप्तहेराशीही झाली. एका नियमाने पुस्तक दोषी, दुसऱ्याने निर्दोष. डोरोथी सेयर्स यांनी ख्रिस्तींची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं कामच आहे.

आम्ही मात्र नियमांवर न जाता पुन्हा पेन्सिलकडे गेलो. शेपर्डने एखादं धडधडीत खोटं विधान वाचकाला निवेदनात केलं आहे का, हे शोधायचं ठरवलं. पात्रांशी तो खोटं बोलतो, ते सोडा. आपल्याशी?

ती रात्र बघा. तो लिहितो की पत्र आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती आणि आपण निघालो तेव्हा दहा मिनिटं कमी होती, पत्र अजून वाचायचं राहिलं होतं. मधल्या दहा मिनिटांबद्दल तो काही म्हणत नाही. मग तो दारात थांबतो, मागे वळून बघतो, काही करायचं राहिलं का याचा विचार करतो. पुढे लिहितो की फाटकातून बाहेर पडताना चर्चच्या घड्याळाचे नऊ ठोके पडले. घरापासून फाटकापर्यंत चालायला पाच मिनिटं लागतात, हे आपल्याला पुस्तकातच कळतं. तो निघाला 8.50 ला. मग उरलेली पाच मिनिटं कुठे गेली? पॉयरोने हाच हिशेब मांडला. त्या वेळात तो खिडकीतून परत आत गेला, दार आतून लावून घेतलं, ठसे उमटवले.

म्हणजे विधान प्रत्येक खरं आहे. मध्ये भोकं आहेत, आणि भोकांची मापं दिलेली आहेत. दहा मिनिटं आणि पाच मिनिटं. ज्याला वजाबाकी येते त्याला ती सापडली असती. आमच्यापैकी एकालाही सापडली नाही, हा आमचा दोष. "अ‍ॅक्रॉइड जिवंत असताना मी निघालो" असं एक वाक्य जरी शेपर्डने वाचकासाठी लिहिलं असतं, तरी आम्ही काकांच्या बाजूला बसलो असतो. गप्प राहणं आणि खोटं सांगणं यांतली रेष इथे केसाएवढी बारीक आहे, पण ती आहे आणि ख्रिस्तींनी ती ओलांडलेली नाही.

मग पुस्तकात स्वस्त काहीच नाही? आहे, आणि ते सांगितलं नाही तर आमची पेन्सिल पक्षपाती ठरेल. एकाच रात्री पुतणी चोरी करते, मोलकरीण बागेत नवऱ्याला भेटते, मिस रसेल त्याच बागेत मुलाला भेटते, बटलर दाराला कान लावतो आणि डॉक्टर खून करतो. प्रत्येक चकवा वेगळा घेतला तर चोख आहे. सगळे एका संध्याकाळी घडले, ही जुळवणी मात्र लेखिकेची आहे, कोणा पात्राची नाही. पत्र आलं म्हणून खून त्या रात्री झाला, हे पटतं. केंटने नेमकं तेव्हाच का यावं, याला आम्हाला समाधानकारक उत्तर सापडलं नाही. आमच्या खुणांमध्ये ती एकच जागा अशी आहे जिथे समासात फक्त प्रश्नचिन्ह आहे.

आणि भोकांचा एक धोका आहे. फ्रेंच समीक्षक पिएर बायार यांनी 1998 साली एक अख्खं पुस्तक लिहून मांडलं की पॉयरो चुकला, खुनी डॉक्टर नाहीच, त्याची बहीण कॅरोलिन आहे. आम्हाला ते पटत नाही. पण असं पुस्तक लिहिता आलं याचा अर्थ लक्षात घ्या. निवेदकाच्या मौनावर एकदा कथा उभी केली की ते मौन आपण म्हणू तिथेच थांबेल याची खात्री राहत नाही. ख्रिस्तींनी वाचकाला जो संशय शिकवला तो त्यांच्याच निकालापर्यंत पोचला.

शेवटी काकांकडे येतो, कारण व्याख्यान त्यांच्यामुळे सुरू झालं. दुसऱ्या वाचनानंतर आम्ही पुन्हा जमलो. त्यांनी आपली प्रत उघडली. 8.40 आणि 8.50 या दोन वेळांखाली त्यांनी रेघ मारली होती. म्हणाले, "फसवलं नाही तिने. पण मला अजून तिचा राग आहे." आम्ही विचारलं, का? म्हणाले, "कारण आता राग काढायला जागा उरली नाही. माझाच काढावा लागतो."

आम्हाला वाटतं, न्याय्य चकव्याची ओळख हीच. तो उलगडल्यावर वाचक मागची पानं चाळतो आणि मासा तिथे सापडतो, जिथे ठेवला होता तिथेच. घरी जाऊन तुमच्या आवडीची कुठलीही रहस्यकथा घ्या, आणि जिथे जिथे चुकीच्या माणसाकडे बघितलंत तिथे समासात लिहा : कोणी ठेवला, का ठेवला, आणि मला तो कुठे फोडता आला असता. तिन्ही उत्तरं पानांवर सापडली तर लेखकाला सोडून द्या. न सापडली, तर पुस्तक खुशाल टेबलावर आपटा.